‘अज्ञान’ लिहून वही मिटण्याआधी: पोस्टिंगच्या नोंदीत विश्लेषण कुठून सुरू होतं

पीएसएमची, म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्राची, पोस्टिंग संपली की मुलांच्या वह्यांचा गठ्ठा माझ्या टेबलावर येतो. पहिली ओळ मी वही न उघडताही सांगू शकते: ‘आज सकाळी 9 वाजता कॉलेजच्या बसने आम्ही गावाकडे निघालो.’ शेवटची ओळही ठरलेली: ‘आजच्या भेटीतून खूप काही शिकायला मिळालं.’ काय शिकायला मिळालं ते शोधत मी मधली दीड पानं वाचते. तिथे उपकेंद्राच्या खोल्या मोजलेल्या असतात, लसींच्या फ्रिजचं तापमान असतं, आशाताईंनी दिलेला चहा असतो. दोन-तीन वह्यांमध्ये तर मागच्या बॅचचा चहा असतो. म्हणजे सीनियरच्या वहीतून उतरवताना चहासुद्धा उतरवलेला असतो.

मुलांना दोष देऊन उपयोग नाही. 2019 पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम बदलला आणि लॉगबुकात ‘रिफ्लेक्शन’, म्हणजे अनुभवावर केलेला विचार, लिहिणं आलं. 2022 पासून कुटुंब दत्तक घेण्याचा कार्यक्रम आला, त्यामुळे पहिल्या वर्षापासूनच मुलं गावातल्या घरांमध्ये जाऊ लागली. नर्सिंगच्या आणि समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना तर अशी वही फार आधीपासून लिहावी लागते. सगळ्यांना सांगितलं जातं एकच: ‘नुसतं वर्णन नको, विश्लेषण लिहा.’ पण वर्णन कुठे संपतं आणि विश्लेषण कुठे सुरू होतं, हे कुणी बोट ठेवून दाखवत नाही. म्हणून इथे एकच नोंद घेते आणि तिच्यावर बोट ठेवते. प्रसंग बऱ्याच वह्यांमधून जुळवलेला आहे, त्यामुळे त्यातलं घर कुठल्या एका गावात सापडणार नाही.

नोंद अशी:

‘आज दत्तक कुटुंबाला भेट दिली. घरात 5 माणसं. सून 24 वर्षांची, पहिलटकरीण, सातवा महिना. कार्डावर हिमोग्लोबिन 8.9 होतं. गोळ्या घेता का असं विचारलं, ती हो म्हणाली. नंतर वजनकाटा ठेवायला जागा करताना पेटीच्या मागे लाल गोळ्यांच्या तीन न फोडलेल्या पट्ट्या दिसल्या. मी तिला रक्तक्षयाचे धोके समजावले आणि पालेभाज्या, गूळ-शेंगदाणे खायला सांगितलं. ग्रामीण भागात आरोग्याविषयी अजूनही अज्ञान आहे हे दिसून आलं. जनजागृतीची गरज आहे. आजच्या भेटीतून खूप शिकायला मिळालं.’

यात खोटं काही नाही. उलट पेटीमागच्या तीन पट्ट्या ही फार मोलाची गोष्ट आहे. ती दिसली आणि लिहिली, याचे मी मनातल्या मनात मार्क देऊन टाकले. वर्णन म्हणजे कमी दर्जाचं लेखन, असा एक गैरसमज मुलांमध्ये असतो. मग ती वर्णन गाळतात आणि नुसते विचार लिहितात. तसं करू नये. पट्ट्या नसत्या तर पुढे विचार कशावर करायचा?

अडचण वेगळ्याच वाक्यात आहे. ‘अज्ञान आहे हे दिसून आलं.’ अज्ञान दिसत नाही. दिसल्या त्या पट्ट्या, आणि त्या तशाच का पडून राहिल्या याचं एक कारण नोंद लिहिणाऱ्या मुलीने मनात जुळवलं. हे कारण म्हणजे तिचा अंदाज. पण वाक्याच्या ठेवणीमुळे तो पाहिलेल्या गोष्टींच्या रांगेत जाऊन बसला, आणि एकदा तिथे बसल्यावर कुणी त्याला काही विचारत नाही.

‘अज्ञान’, ‘गरिबी’, ‘अंधश्रद्धा’, ‘उदासीनता’ हे चार शब्द पोस्टिंगच्या वह्यांमध्ये पातेल्यावरच्या झाकणासारखे येतात. खाली काहीतरी शिजत असतं, तेवढ्यात झाकण पडतं. म्हणून वही तपासताना मी आधी ही झाकणं शोधते. माझ्या अनुभवात साध्या वर्णनातही एक स्पष्टीकरण लपलेलं असतंच. ते बाहेर काढून, पाहिलेल्या-ऐकलेल्या गोष्टींसमोर उभं करून ‘तू खरंच यातून निघतोस का?’ असं विचारलं की विश्लेषण सुरू होतं. त्यासाठी मोठे शब्द लागत नाहीत, सिद्धान्तही लागत नाही.

मी मुलांना पेन्सिल घ्यायला सांगते. डोळ्यांनी पाहिलं त्या वाक्याखाली एक सरळ रेघ, कानांनी ऐकलं त्याखाली तुटक रेघ आणि स्वतः जोडलं त्याभोवती चौकट. वरच्या नोंदीत हिमोग्लोबिनचा आकडा आणि पट्ट्या यांच्याखाली सरळ रेघ येते. ‘हो’ या उत्तराखाली तुटक रेघ येते. चौकट येते ‘अज्ञान’ आणि ‘जनजागृतीची गरज’ यांच्याभोवती. ‘खूप शिकायला मिळालं’ या वाक्याला कुठलीच रेघ बसत नाही, ते खोडलं तरी चालतं.

आता चौकटीतला शब्द तपासायचा. कारण अज्ञान असतं तर काय दिसायला हवं होतं? गोळ्या कशासाठी आहेत हे तिला माहीत नसायला हवं होतं. त्या कुठेतरी उघड्यावर, कोनाड्यात किंवा खिडकीत, बेफिकीरपणे पडलेल्या असायला हव्या होत्या. आणि विचारल्यावर ‘कसल्या गोळ्या?’ असं उत्तर यायला हवं होतं. प्रत्यक्षात पट्ट्या पेटीमागे होत्या आणि उत्तर आलं ‘हो’. म्हणजे बरोबर उत्तर कोणतं हे तिला पक्कं ठाऊक होतं! जिला माहीतच नाही ती लपवेल कशाला? हिचं ‘हो’ खोटं होतं, आणि त्या खोट्या ‘हो’नेच अज्ञानाचं स्पष्टीकरण डळमळीत केलं. एवढं लक्षात आलं की नोंद वर्णनातून बाहेर पडली.

मग खरं कारण काय? इथे घाईने दुसरं झाकण ठेवायचं नाही. मी त्या मुलीला तिचे कच्चे टिपण काढायला लावलं, म्हणजे एप्रनच्या खिशातली ती चुरगळलेली छोटी डायरी. सुबक नोंद लिहिताना मुलं ‘संबंध नाही’ म्हणून बरंच गाळतात, आणि नेमकं तेच कामाचं असतं. कच्च्या टिपणात तीन ओळी होत्या. एक: ‘निघताना म्हणाली, त्या खाल्ल्या की मळमळतं.’ दोन: ‘कापूस वेचणी चालू, 7 ला शेतात जाते.’ तीन: ‘आशाताई आणि सासू पूर्ण वेळ सोबत.’ यातली एकही ओळ मूळ नोंदीत आली नव्हती.

पहिल्या दोन ओळी एकत्र ठेवल्या की त्या बाईचा दिवस समोर येतो. सकाळी चहा, डब्यात भाकरी, सातला शेत. गोळी घ्यायची तर ती चहाबरोबर, जवळजवळ उपाशीपोटी. लोहाची गोळी रिकाम्या पोटी घेतली की मळमळ जास्त जाणवते आणि चहामुळे लोह अंगी कमी लागतं. म्हणजे त्रास पुरेपूर आणि फायदा अर्धवट. त्यात 8.9 हा मध्यम रक्तक्षय. 7 ते 9.9 या गटात येणाऱ्या गरोदर बाईला रोजच्या एका गोळीऐवजी दोन सांगतात. जी एका गोळीने मळमळते तिच्या हातात आपण दुसरी ठेवतो. शिवाय कॅल्शियमच्या गोळ्याही चालू असतात आणि त्या लोहाच्या गोळीबरोबर घ्यायच्या नाहीत, मध्ये निदान दोन तासांचं अंतर हवं. शेतात वाकून कापूस वेचणाऱ्या बाईने हे वेळापत्रक सांभाळायचं कसं, याचा विचार मूळ नोंदीत ‘पालेभाज्या खायला सांगितलं’ या तीन शब्दांत उडून गेला.

तिसरी ओळ मुलीच्या स्वतःच्या वागण्याकडे नेते, आणि इथे मुलं हमखास अडखळतात. विश्लेषण म्हणजे समोरच्याचं विश्लेषण, असं त्यांना वाटतं. पण त्या खोलीत तीही होती. तिने प्रश्न विचारला तो ‘गोळ्या घेता का?’ असा. समोर सासू, शेजारी गोळ्या आणून देणाऱ्या आशाताई, आणि विचारणारी पांढऱ्या कोटातली. या प्रश्नाला ‘हो’शिवाय दुसरं उत्तर आहे तरी का? ‘नाही’ म्हटलं तर आशाताईंचं काम उघडं पडतं आणि सासूसमोर आपणही उघड्या पडतो. म्हणजे ते खोटं ‘हो’ घडवण्यात प्रश्नाचाही वाटा होता. ‘मागच्या सात दिवसांत किती गोळ्या झाल्या?’ किंवा ‘बऱ्याच जणींना या गोळ्यांनी त्रास होतो, तुम्हाला काय होतं?’ असं एकटीला विचारलं असतं तर मळमळ निघतानाच्या दारात नाही, आधीच कळली असती. तेव्हा कदाचित रक्तक्षयाच्या धोक्यांवरचं भाषण लागलंही नसतं.

याच्या पुढची पायरी व्यवस्थेची. ती मी सगळ्यांकडून मागत नाही, कारण तिथे वाहून जाणं फार सोपं असतं. पण या मुलीने एक चांगला धागा पकडला: कार्डावर गोळ्या ‘दिल्या’ याची नोंद होती, ‘खाल्ल्या’ याची तिला कुठे दिसली नाही. मी तिला एक आकडा शोधायला सांगितला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, देशातल्या सुमारे 44 टक्के बायकांनी गरोदरपणात 100 दिवस किंवा त्याहून जास्त लोहाच्या गोळ्या घेतल्या होत्या आणि 180 दिवस घेणाऱ्या होत्या सुमारे 26 टक्के. अपेक्षा 180 दिवसांची आहे. चारपैकी तिघी तिथवर पोचत नसतील, तर एका घरातल्या एका सुनेच्या डोक्यात कारण शोधणं पुरेसं नाही. मात्र या आकड्यावरून ‘सगळ्यांना मळमळतं’ असंही म्हणता येत नाही. कुणाला गोळ्या मिळाल्याच नसतील, कुणी उशिरा नाव नोंदवलं असेल. आकड्याचं काम इथे एवढंच: प्रश्न एका घरापेक्षा मोठा आहे, हे दाखवणं.

मग तिने नोंद पुन्हा लिहिली. लांबी साधारण तेवढीच:

‘पेटीमागे तीन न फोडलेल्या पट्ट्या दिसल्या तेव्हा मला राग आला, कारण तिने नुकतंच गोळ्या घेते म्हणून सांगितलं होतं. मी ते अज्ञान समजले आणि धोके सांगत बसले. पण तिला गोळ्या कशाच्या हे माहीत होतं, म्हणून तर तिने हो म्हटलं. मी प्रश्न सासू आणि आशाताईंसमोर विचारला होता. निघताना ती म्हणाली की मळमळतं. ती 7 ला शेतात जाते, गोळी बहुधा सकाळी चहाबरोबर घेऊन पाहिली असावी, हे मी विचारलं नाही. सासूचं गोळ्यांबद्दल काय मत आहे तेही माहीत नाही. पुढच्या वेळी एकटीशी बोलेन, मागच्या सात दिवसांतल्या गोळ्या मोजेन, रात्री जेवणानंतर घेऊन पाहायला सुचवेन आणि शौचाला काळं होतं ते घाबरण्यासारखं नाही हे आधीच सांगेन. महिनाभराने हिमोग्लोबिन निदान 1 ग्रॅमने वाढलं नाही तर तिला वरच्या दवाखान्यात पाठवायला हवं, हे मी आज सरांना विचारून घेतलं.’

यात काय बदललं ते नीट पाहा. ‘राग आला’ हे आलंय, पण एकदाच, आणि त्या रागाने पुढे काय करायला लावलं तेही लगेच आलंय. ‘बहुधा’ आणि ‘हे मी विचारलं नाही’ हे शब्द मला फार आवडले. अंदाज अंदाजाच्याच कपड्यात आहे. ‘सासूचं मत माहीत नाही’ हीसुद्धा विश्लेषणाचीच ओळ आहे, कारण बाळ फार मोठं होतं आणि बाळंतपण अवघड जातं म्हणून गोळ्या नकोत, असं बऱ्याच घरांत मोठ्या बायका म्हणतात. या घरात तसं असेलच असं धरून चालणं म्हणजे पुन्हा झाकण, फक्त ‘अंधश्रद्धा’ नावाचं. शेवटी, पुढच्या वेळी काय करायचं ते इतकं नेमकं आहे की केलं की नाही ते तपासता येईल. ‘जनजागृती करू’ हे कधीच तपासता येत नाही.

‘मॅडम, पण हे गिब्जच्या चक्रात बसतं का?’ असं कुणीतरी विचारतंच. 1988 मध्ये ग्रॅहम गिब्ज यांनी मांडलेल्या त्या चक्रात सहा टप्पे आहेत: काय घडलं, काय वाटलं, काय बरं-वाईट झालं, असं का झालं, आणखी काय करता आलं असतं, पुढे काय करणार. चक्र वाईट नाही. पण मुलं त्याचे सहा मथळे पाडतात आणि प्रत्येकाखाली दोन ओळी भरतात, फॉर्म भरल्यासारख्या. त्यात चौथा टप्पा, म्हणजे असं का झालं, सगळ्यात हडकुळा राहतो. खरं तर अर्धं पान तिथेच जायला हवं. मी मथळे काढायला सांगते. मथळे काढल्यावर परिच्छेद एकसंध वाचता आला तर विचार झाला आहे, आणि तुकडे पडले तर नुसते रकाने भरले आहेत.

विश्लेषणासारखं दिसणारं पण विश्लेषण नसलेलं लेखनही असतं, आणि ते ओळखणं साध्या वर्णनापेक्षा कठीण. एक प्रकार भावनांचा पूर. ‘तिचे डोळे पाहून मन हेलावलं, त्या रात्री झोप लागली नाही.’ झोप लागली नसेल तर वाईट वाटतं, पण गोळ्यांचं काय? दुसरा प्रकार वरच्यांवर खापर फोडण्याचा: ‘शासनाची यंत्रणा निष्क्रिय आहे.’ यंत्रणेतली आशाताई त्या दिवशी शेजारी उभी होती, तिला कुणी काही विचारलं होतं का? तिसरा प्रकार सगळ्यात चलाख. मार्क आत्मटीकेला मिळतात हे कळलं की मुलं कबुलीजबाब लिहू लागतात. ‘माझा अहंकार गळून पडला, मी आता बदललो आहे.’ एका भेटीत कुणी एवढं बदलत नाही. यात आमचाही दोष आहे, कारण चुकीची कबुली दिली की आम्ही खूश होतो आणि ती खरी की सजवलेली हे पाहत नाही. मी एक सोपी परीक्षा लावते: या नोंदीतलं गाव, आजार आणि माणूस बदलून टाकलं तरी परिच्छेद तसाच चालतो का? ‘अहंकार गळून पडला’ क्षयरोगाच्या घरातही चालतं, मोतीबिंदूच्या शिबिरातही. ‘गोळी सकाळी चहाबरोबर’ दुसरीकडे चालत नाही.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. कच्चं टिपण त्याच दिवशी, शक्यतो परतीच्या बसमध्येच लिहावं आणि त्यात माणसांची वाक्यं त्यांच्याच शब्दांत घ्यावीत. ‘मळमळतं’ हा तिचा शब्द, ‘गॅस्ट्रिक तक्रार’ हा आपला. रात्रीपर्यंत थांबलं की तिचा शब्द जातो आणि आपला उरतो. मोठी नोंद मात्र दोन दिवसांनी लिहिली तरी चालते, रागावर थोडं पाणी पडलेलं असतं. आणि वहीत नाव, गल्ली, कार्डाचा क्रमांक लिहू नये. या वह्या स्टाफरूममध्ये उघड्या पडलेल्या असतात आणि गाव लहान असतं. ‘अमुक आशाताईंनी गोळ्या दिल्या पण पाहिलं नाही’ असं नावानिशी लिहिलं तर तिच्या कामावर गदा येऊ शकते. नाव न घेताही विश्लेषण तेवढंच होतं.

या सगळ्याला एक मर्यादा आहे, आणि ती मला त्याच वहीने पुन्हा दाखवली. महिन्याभराने मुलगी पुढच्या भेटीला गेली. प्रश्न पाठ होते, एकटीशी बोलायचं ठरलेलं होतं. सून घरात नव्हती. पहिलं बाळंतपण म्हणून सातव्या महिन्यात ओटी भरून माहेरी गेली होती, दुसऱ्या तालुक्यात. कार्ड सोबत नेलं होतं. गोळ्या नेल्या का, हे सासूला माहीत नव्हतं.

त्या दिवशीची नोंद सहा ओळींची होती. ‘पहिलटकरीण आणि सातवा महिना हे मी मागच्या वेळी स्वतः लिहिलं होतं,’ तिने लिहिलं होतं, ‘तरी ती इथेच राहील असं धरून मी महिन्याभराचा बेत आखला. आम्ही घर दत्तक घेतलं आहे, पण ज्या महिन्यांत तिला आमची गरज आहे त्या महिन्यांत ती या घरात नसणारच. आशाताईंना विचारलं, माहेरच्या आशाताईंना कळवतात का. त्या म्हणाल्या, नंबर असला तर. मी नंबर मिळवायला सांगितलं आहे, अजून मिळालेला नाही.’

या नोंदीवर मी शेरा लिहिला नाही. पुढच्या बॅचला घरं वाटताना मात्र गरोदर बाईच्या घरासमोर आम्ही एक प्रश्न वाढवला: बाळंतपण कुठे?